पंधरा दिवसांचा जादा माल

तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा, "माल किती जादा ठेवता?" बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: पंधरा दिवसांचा. कुणी महिन्याचा म्हणेल, कुणी आठवड्याचा. पण फिल्टर असो की क्लच प्लेट, नियम सगळ्या मालाला सारखाच. हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, नोकराला सांगायला सोपा आहे आणि सगळ्यांना सारखा असल्यामुळे न्यायाचाही वाटतो. तरीही वर्षअखेरीला त्याच दुकानात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, पैसा सगळा मालात अडकलाय. दुसरी, गिऱ्हाईक मागतं तेव्हा नेमकी तीच वस्तू नसते. दोन्ही तक्रारी खऱ्या असतात, आणि दोन्हींचं मूळ त्या पंधरा दिवसांत असतं.

हिशेबासाठी आपण कागदावर एक दुकान मांडू. बारामती-फलटणच्या ऊसपट्ट्यातलं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं घाऊक दुकान. दोन हजारांच्या आसपास पार्ट नंबर, मेकॅनिक आणि गॅरेजवाले हे मुख्य गिऱ्हाईक. ऑर्डर कधीही लावता येते आणि लावल्यापासून माल दारात यायला साधारण महिना लागतो. आकडे मी सोयीसाठी बसवलेले आहेत, पण मागणीची चाल या धंद्यातल्या माणसाला ओळखीची वाटेल अशीच आहे.

या दुकानाच्या मालकाने आपला माल एकदा तरी ए, बी, सी असा वाटलेला असण्याची शक्यता बरीच आहे. वर्षभरात खपलेले नग गुणिले खरेदीचा भाव, मग मोठ्या रकमेपासून खाली यादी. वरून मोजत एकूण रकमेचे ऐंशी टक्के भरेपर्यंतचा माल ए, पुढचे पंधरा टक्के बी, उरलेले पाच टक्के सी. यादी केली की मूठभर पार्ट नंबर ए मध्ये बसतात आणि हजाराहून जास्त सी मध्ये. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली ही पद्धत लेख लिहून मांडली. आज ती इतकी रुळली आहे की टॅलीच्या रिपोर्टवरून कुणीही तासाभरात करू शकतो.

एबीसीने कळतं ते एवढंच, की पैसा कुठे आहे. पण अडीनडीचा साठा, म्हणजे ज्याला सेफ्टी स्टॉक म्हणतात तो, पैशावरून ठरत नाही. तो ठरतो आपला अंदाज किती चुकतो यावरून. ज्या वस्तूची मागणी घड्याळासारखी चालते तिला जादा साठा कशाला हवा? आणि जिची मागणी आज पाच, उद्या चाळीस अशी उड्या मारते, तिला पंधरा दिवसांचा साठा कसा पुरेल?

आपल्या दुकानातल्या दोन वस्तू शेजारी ठेवून बघू. ऑइल फिल्टर २५० रुपयांना पडतो. गेल्या वर्षी महिन्याला सरासरी १२० नग गेले. सगळ्यात कमी खपाच्या महिन्यात ११०, सगळ्यात जास्त खपाच्या महिन्यात १३०. वर्षाची रक्कम ३ लाख ६० हजार, म्हणून ए. दुसरी वस्तू क्लच प्लेट, भाव ३,००० रुपये, महिन्याची सरासरी २० नग, वर्षाची रक्कम ७ लाख २० हजार. तीही ए. पण तिचे महिने एप्रिलपासून असे आहेत: ८, ३१, १४, ४०, ५, २२, १२, ३५, ९, २८, १७, १९. एबीसीच्या यादीत या दोघी शेजारणी आहेत, पण त्यांच्या स्वभावात काडीचं साम्य नाही.

हा स्वभाव मोजायला अकरावी-बारावीच्या संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन पुरतं. महिन्यांचे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पडतात ते त्यातून कळतं. फिल्टरचं प्रमाण विचलन येतं ६ नग, क्लच प्लेटचं ११. नुसत्या या आकड्यांची तुलना करून चालत नाही, कारण १२० वर ६ आणि २० वर ११ यांत फार फरक आहे. म्हणून त्याला सरासरीने भागायचं. फिल्टरचा गुणांक ०.०५, क्लच प्लेटचा ०.५७. बारा महिन्यांचा खप एका ओळीत बी पासून एम पर्यंतच्या रकान्यांत असेल, तर एक्सेलमध्ये एवढं लिहिलं की झालं:

```
=STDEV.S(B2:M2)/AVERAGE(B2:M2)
```

हेच सूत्र दोन हजार ओळींना खाली ओढायचं. गुणांक ०.५ च्या आत असेल तर वस्तू एक्स, ०.५ ते १ असेल तर वाय, त्यावर झेड. या रेघा कुणी दगडावर कोरलेल्या नाहीत. रोजच्या खपाच्या किराणा मालाला त्या बऱ्याच खाली आणाव्या लागतात, मोठ्या यंत्रांच्या भागांना थोड्या वर न्याव्या लागतात. एक सावधगिरी मात्र इथेच सांगून ठेवतो. आपल्याकडच्या कॉस्टिंगच्या काही पुस्तकांत एक्सवायझेड हे नाव वेगळ्याच वर्गीकरणाला दिलेलं आढळतं. तिथे वर्षअखेरीला गोदामात पडून असलेल्या मालाच्या किमतीवरून गट पाडतात. जर्मन भाषेतल्या पुस्तकांतून रुळलेली आणि आता मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये असते ती पद्धत मागणीच्या चढउताराची. आपण बोलतोय ती ही दुसरी.

आता साठ्याचा हिशेब. प्रचलित सूत्र साधं आहे: SS = z × σ × √L. σ म्हणजे महिन्याचं प्रमाण विचलन, L म्हणजे माल यायला लागणारे महिने. z हा आकडा आपल्याला किती खात्री हवी त्यावरून घ्यायचा. शंभर खेपांपैकी अठ्ठ्याण्णव खेपांना माल येईपर्यंत फळी रिकामी पडू नये असं वाटत असेल तर z साधारण २.०५. आपल्या दुकानात माल एका महिन्यात येतो, म्हणजे वर्गमूळ १. फिल्टरला २.०५ गुणिले ६, म्हणजे १२ नग. क्लच प्लेटला २.०५ गुणिले ११.३, म्हणजे २३ नग.

पंधरा दिवसांच्या नियमाने फिल्टर ६० नग जादा ठेवले जात होते आणि क्लच प्लेट १० नग. सूत्राप्रमाणे फिल्टरला तीन दिवसांचा साठा पुरतो आणि क्लच प्लेटला महिन्याहून जास्त लागतो. क्लच प्लेटचे फक्त १० नग जादा ठेवले तर खात्री येते एक्क्याऐंशी टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दर पाच खेपांपैकी एका खेपेला माल येण्याआधीच फळी रिकामी. हे मालकाला सांगायची गरज नसते. मेकॅनिकने शेजारच्या दुकानाची पायरी चढलेली त्याने स्वतः पाहिलेली असते.

पण फिल्टरच्या त्या १२ नगांवर हुरळून जाण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. माल दर वेळी बरोबर महिन्यातच येतो का? ट्रान्सपोर्टवाला कधी चार दिवस आधी टेकतो, कधी आठवडाभर उशीर करतो. वर दिलेल्या सूत्रात हा उशीर कुठेच नाही. समजा पुरवठ्याचं प्रमाण विचलन पाच दिवसांचं, म्हणजे महिन्याचा सहावा भाग आहे. फिल्टरचा रोजचा खप चार नग, म्हणून पाच दिवसांचे झाले २०. गिऱ्हाइकाकडची ६ ची अनिश्चितता आणि ट्रान्सपोर्टकडची २० ची, यांची सरळ बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, ते येतं २१. आता सेफ्टी स्टॉक होतो ४३ नग. क्लच प्लेटला तोच हिशेब लावला तर २३ चे २४ होतात, म्हणजे जवळजवळ काहीच फरक नाही.

मला हा भाग सगळ्यात उपयोगाचा वाटतो, आणि सूत्र पाठ करणाऱ्यांच्या नजरेतून तो हमखास निसटतो. एक्स मालाचा जादा साठा गिऱ्हाइकासाठी नसतो, तो पुरवठादारासाठी असतो. तिथे अंदाज सुधारून काहीच हाती लागत नाही. ट्रान्सपोर्ट बदला, माल निघाल्याचा फोन मागा, कंपनीच्या डेपोशी खेपेचे वार ठरवून घ्या. झेड मालाला यातलं काहीही करा, साठा हलत नाही. त्याची दुखरी जागा काउंटरच्या पलीकडे आहे.

त्याच ओघात आणखी एक नेहमीची गल्लत. आपला मालक रोज साठा बघून ऑर्डर लावतो असं आपण धरलं. जो दुकानदार महिन्यातून एकदाच, विक्रेता आला की ऑर्डर देतो, त्याला L मध्ये तो एक महिनाही मिळवावा लागतो. त्याचं L एक नसून दोन. हे न मिळवल्याने सूत्र वापरूनही माल कमी पडतो, आणि मग सूत्रच खोटं ठरवलं जातं.

आता दोन्ही वर्गवाऱ्या एकत्र करू. ए-बी-सी उभे, एक्स-वाय-झेड आडवे, असे नऊ चौकोन. पुस्तकांत प्रत्येक चौकोनाला एकेक धोरण लिहून दिलेलं असतं आणि ते वाचताना सगळं छान जागच्या जागी बसल्यासारखं वाटतं. मला मात्र त्यातला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: दुकानदाराकडे अंदाज बांधायला महिन्यातले चार-पाच तास आहेत, तर ते कुठे घालवायचे? सहज सुचणारं उत्तर म्हणजे ए मालावर, कारण पैसा तिथे. पण ए-एक्स वर डोकं चालवून काय मिळणार? फिल्टरचा अंदाज गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीने येतो तेवढाच पुष्कळ चांगला आहे. चूक सहावरून तीनवर आणलीत तरी साठ्यात वाचतील सहा नग, म्हणजे दीड हजार रुपये, आणि तेही ट्रान्सपोर्ट वेळेवर असेल तर. ते तास खरे घालवायचे ए-वाय वर.

क्लच प्लेटच्या आकड्यांकडे पुन्हा बघा. मे महिन्यात ३१, जूनमध्ये १४. जुलैत ४०, ऑगस्टमध्ये ५. नोव्हेंबरात ३५, डिसेंबरात ९. जानेवारीत २८, फेब्रुवारीत १७. उडी आणि लगेच खड्डा. दोन-दोन महिन्यांच्या जोड्या लावल्या तर बेरजा येतात ४५, ४५, ४४, ४५. म्हणजे मेकॅनिक लोकांच्या हातून गाड्यांना बसणाऱ्या प्लेटा महिन्याला बावीसच्या आसपास, आणि त्या जवळजवळ स्थिर आहेत. मग उडी कशाची? वही उघडली की सापडतं: मे, जुलै, नोव्हेंबर आणि जानेवारी या महिन्यांत कंपनीची स्कीम होती, दहा प्लेटांवर एक फुकट. हुशार मेकॅनिकने स्कीमच्या महिन्यात दोन महिन्यांचा माल उचलला आणि पुढच्या महिन्यात फिरकला नाही.

ही अस्थिरता शेतकऱ्याच्या क्लचमधून आलेली नाही. ती स्कीमने तयार केली आणि दुकानाने पुढे ढकलली. सूत्राला हे कळत नाही. ते ११ चं प्रमाण विचलन बघून २३ नग ठेवा म्हणतं. पण स्कीमची तारीख विक्रेत्याकडून आधी कळत असेल, तर त्या महिन्याचा अंदाज चढा आणि पुढचा उतरता धरता येतो. समजा एवढं केल्यावर अंदाजातली चूक पाच नगांवर आली, तर सेफ्टी स्टॉक २३ वरून १० वर येतो. तेरा प्लेटा, प्रत्येकी तीन हजार, एकूण ३९ हजार रुपये एका पार्ट नंबरवर मोकळे झाले, आणि फळीही रिकामी पडत नाही. अशा ए-वाय वस्तू दुकानात पंधरा-वीस असतील. प्रत्येकीच्या वर्षाच्या आकड्यांवर अर्धा तास घालवला तरी पुरे.

ए-झेड मध्ये मात्र आकड्यांशी झटापट करण्यात अर्थ नसतो. क्रँकशाफ्टचं उदाहरण घ्या. भाव वीस हजार. वर्षात बारा गेले, म्हणून रक्कम २ लाख ४० हजार आणि वर्ग ए. पण ते बारा गेले ते असे: जूनमध्ये ३, सप्टेंबरात ६, नोव्हेंबरात १, मार्चमध्ये २. उरलेले आठ महिने शून्य. गुणांक १.८६. सूत्राला विचारलं तर चार नग जादा ठेवा म्हणेल, म्हणजे ८० हजार रुपये लोखंड होऊन फळीवर. शिवाय महिन्याची सरासरी एक, म्हणून अंदाजही एक. पण या दुकानात एका महिन्यात एक क्रँकशाफ्ट विकला गेला असं वर्षात फक्त एकदा घडलंय. सरासरी इथे कुठल्याच महिन्याचं वर्णन करत नाही.

अशा अधूनमधून येणाऱ्या मागणीसाठी जे. डी. क्रॉस्टन यांनी १९७२ साली वेगळी रीत सुचवली. मागणी आली तर किती नगांची येते आणि दोन मागण्यांमध्ये किती काळ जातो, हे दोन अंदाज स्वतंत्र ठेवायचे. कारखान्यांच्या देखभालीच्या कोठारात हजारो सुटे भाग असतात, तिथे ही रीत आजही कामाची आहे. आपल्या दुकानात वर्षाच्या चार नोंदींवर ती चालवणं म्हणजे चार थेंबांवरून पावसाळा मोजणं.

इथे फोन जास्त उपयोगी. सप्टेंबरातले सहा क्रँकशाफ्ट कुणी नेले? ऊस वाहतुकीचा एक ठेकेदार. कारखान्याकडून उचल हातात आली की गळीत हंगामाच्या आधी तो आपले ट्रॅक्टर उघडतो. ही मागणी अनिश्चित नव्हती, ती फक्त दुकानदाराला माहीत नव्हती. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याला आणि त्याच्यासारख्या आणखी तिघा-चौघांना विचारायचं: "यंदा किती इंजिनं उघडताय?" नग ठरले की थोडी आगाऊ रक्कम घेऊन ऑर्डर लावायची. ते सहा नग बाजूला काढले तर उरतात वर्षाचे सहा, तीन वेळा मिळून. त्यांच्यासाठी एक, फार तर दोन नग फळीवर ठेवायचे आणि बाकी मागणीनुसार आणायचे. अठ्ठ्याण्णव टक्के खात्रीचा आग्रह ए-झेड ला धरायचाच नाही. वस्तू महागडी आहे, म्हणून ती नेहमी हवीच, ही समजूत डेड स्टॉकची जननी आहे. ज्याच्या ट्रॅक्टरचा क्रँक गेला त्याचं इंजिन खोलायलाच दोन-तीन दिवस जातात. तो मोटर फिल्टरसारखा हातोहात माल मागत नाही.

ज्या मोजणीवर हे सगळं उभं आहे तिच्यात एक मोठी खोट आहे, तीही सांगायला हवी. रोटाव्हेटरची पाती घ्या. १२० रुपयांचं एक पातं, वर्षाला ४,८०० जातात. खरिपाच्या मशागतीसाठी मे महिन्यात १,३००, जूनमध्ये १,०००. रब्बीच्या तोंडावर ऑक्टोबरात १,१००. ऑगस्टमध्ये मात्र ५०, जानेवारीतही ५०. महिन्याची सरासरी ४००, प्रमाण विचलन ४६३, गुणांक १.१६. नियमाप्रमाणे झेड, आणि रक्कम पावणेसहा लाखांच्या वर म्हणून ए-झेड. म्हणजे क्रँकशाफ्टच्याच चौकोनात.

पण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पाती मे महिन्यात खपणार. त्याआधीच्या वर्षीचे आकडे काढले तर मे १,२००, जून १,०८०, ऑगस्ट ४०, ऑक्टोबर १,१५०. गेल्या वर्षीचा तोच महिना हाच यंदाचा अंदाज धरला असता, तर चूक मे महिन्यात १००, जूनमध्ये ८०, ऑक्टोबरात ५० आणि मोकळ्या महिन्यांत दहा-वीस इतकीच झाली असती. बाराही महिन्यांच्या चुकांचं प्रमाण निघतं ४४ च्या आसपास. ४४ भागिले ४०० म्हणजे ०.११. झेड वाटणारी वस्तू खरं तर एक्स आहे.

चूक कुठे झाली? आपण मागणीचा चढउतार मोजला, पण आपल्याला मोजायचा होता अंदाजाचा चुकारपणा. मागणी वर्षभर सपाट असते तेव्हा या दोन गोष्टी एकच असतात. हंगाम आला की त्या वेगळ्या होतात, आणि शेतीशी जोडलेल्या धंद्यात हंगाम नाही असा माल सापडणं कठीण. म्हणून जिथे दोन वर्षांची वही उपलब्ध आहे तिथे माझं मत स्पष्ट आहे. गुणांक महिन्यांच्या खपावर काढूच नये. आधी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यावरून अंदाज काढावा, मग चुकांवर गुणांक काढावा. दुसरा रकाना जोडण्यापलीकडे त्याला काही कष्ट नाहीत. सेफ्टी स्टॉकच्या सूत्रातही σ च्या जागी हीच चूक घालायची. नाहीतर पात्यांसाठी २.०५ गुणिले ४६३, म्हणजे साडेनऊशे पाती ऑगस्टच्या पावसात गंजत बसतील. चुकीवरून काढलं तर ९० पुरतात. त्यातही मे-जूनला थोडी जास्त, ऑगस्टला जवळजवळ नाही, अशी विभागणी करावी, कारण चूकही हंगामातच मोठी होते.

मृगाचा पाऊस लांबला तर हेही बिघडतं. जूनची मागणी जुलैत सरकते आणि गेल्या वर्षीचा महिना दगा देतो. पण ती फक्त मागे-पुढे होते, नाहीशी होत नाही. पाती काही कुजणारा माल नाही. अशा वेळी थोडं थांबणं परवडतं, आणि जुलैची ऑर्डर जूनचा पाऊस बघून लावायची एवढंच करायचं.

दुसरी खोट मापाची. क्रँकशाफ्टचे आकडे महिन्याऐवजी तिमाहीने मांडले तर ३, ६, १, २ असे दिसतात. गुणांक १.८६ वरून ०.७२ वर येतो. वस्तू तीच, गिऱ्हाईक तेच, फक्त टोपली मोठी घेतली आणि झेड चं वाय झालं. आठवड्याने मोजलं तर उलट, फिल्टरसारख्या गुणी वस्तूही चंचल दिसू लागतात. त्यामुळे "आमच्याकडे एवढे टक्के माल झेड आहे" हे वाक्य कुणी ऐकवलं तर आधी विचारावं, कुठल्या मापाने? माल यायला जेवढा काळ लागतो साधारण तेवढंच माप घ्यावं, कारण तेवढाच काळ आपण उघड्यावर असतो. दोन दिवसांत माल येतो त्या औषध दुकानाला महिन्याचं माप घेऊन उपयोग नाही.

तिसरी खोट वहीतच असते. टॅलीत विक्री सापडते, मागणी सापडत नाही. फेब्रुवारीत एखादी वस्तू शून्य दिसते तेव्हा कुणी मागितली नाही, की मागितली आणि फळीवर नव्हती, हे वहीला माहीत नसतं. माल संपला की शून्य, माल आला की थांबलेले सगळे एकदम येऊन उडी. अशी वस्तू स्वभावाने एक्स असली तरी दुकानदाराच्या हलगर्जीपणाने झेड ठरते, मग झेड म्हणून ती कमी ठेवली जाते आणि पुन्हा संपते. यावर उपाय काउंटरवरच्या एका साध्या वहीचा. "नाही" म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक मागणीची त्यात तारीख, पार्ट नंबर आणि नग लिहायचे. नोकरांना ही वही आवडत नाही, कारण त्यात त्यांनी परत पाठवलेली गिऱ्हाइकं दिसतात. पण दोन महिने ती चालली की झेड च्या यादीतली बरीच नावं गळतात.

सी मालाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, आणि तेच त्याचं धोरण आहे. ओ-रिंग, ऑइल सील, कॉटर पिन, वॉशर: पाच-दहा-वीस रुपयांचा माल, हजारभर पार्ट नंबर. यांचा अंदाज बांधू नये. दोन डबे ठेवावेत. पहिला संपला की दुसरा उघडायचा आणि त्याच दिवशी ऑर्डर लावायची. सेफ्टी स्टॉकचं सूत्र इथे लावण्यात जितका वेळ जातो तितक्या पैशांत वर्षाचा माल भरून निघतो. पुस्तकात बऱ्याचदा ए ला जास्त खात्री आणि सी ला कमी खात्री असं लिहिलेलं असतं, ते मला कधी पटलेलं नाही. दहा रुपयांच्या ओ-रिंगपायी हायड्रॉलिक गळतं आणि पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टर बांधावर उभा राहतो. रुग्णालयांच्या औषध कोठारात यासाठीच मालाची निकडीप्रमाणे वेगळी वर्गवारी करतात. ती इथे पेन्सिलने करता येते: ज्या सी वस्तूशिवाय गाडी चालूच होत नाही तिच्यासमोर एक खूण. खूण असलेल्या सी-झेड वस्तू ठेवायच्या. खूण नसलेल्या, वर्षात दोन-तीनदाच हललेल्या सी-झेड वस्तू हळूहळू यादीतून काढायच्या आणि कुणी मागितल्या तर पुण्याहून मागवून द्यायच्या.

हे वर्गीकरण किती वेळा करायचं? दर महिन्याला केलं तर सीमारेषेवरच्या वस्तू उगाच इकडून तिकडे उड्या मारतात. ०.४९ ची एक्स पुढच्या महिन्यात ०.५२ ची वाय होते, आणि ऑर्डर लावणारा मुलगा वैतागून जुन्या पंधरा दिवसांच्या नियमावर परततो. वर्षातून दोनदा, एकदा खरिपाआधी आणि एकदा गळीत हंगामाआधी, एवढं बस. वस्तू सलग दोन वेळा नव्या गटात दिसली तरच तिचं धोरण बदलायचं. आणि बाजारात नुकत्याच आलेल्या मॉडेलचे पार्ट, ज्यांची वहीत तीनच महिन्यांची नोंद आहे, ते या तक्त्यात घालायचेच नाहीत. तीन आकड्यांच्या प्रमाण विचलनाला काही अर्थ नसतो. शोरूममध्ये विचारायचं, तालुक्यात त्या मॉडेलचे किती ट्रॅक्टर गेले आणि पहिली सर्व्हिस कधी येते, आणि वर्षभर त्यावरून माल भरायचा.